नोकरीआधीची घरी करायची चाचणी: परीक्षा की फुकटचं काम, हे हात लावण्याआधी कसं ओळखायचं

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ किंवा सावंतवाडीत राहून एखाद्या रिसॉर्टकडे, आंबा-काजू विकणाऱ्या कंपनीकडे किंवा मुंबई-गोव्याच्या एजन्सीकडे सोशल मीडिया, डिझाईन किंवा मजकूर लेखनाच्या जागेसाठी अर्ज केला की दोन-चार दिवसांत व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर एक 'असाइनमेंट' येते. ती घरी करून पाठवायची असते आणि मुलाखतीचं त्यानंतर बघू, असं सांगितलेलं असतं.

इथे उमेदवार दोन प्रकारे चुकतात. काही जण आलेलं काम तसंच्या तसं हाती घेतात, रात्री जागून पूर्ण करतात आणि पुढे काहीच उत्तर आलं नाही की हळहळतात. काही जण मोठी असाइनमेंट दिसली की 'हे फसवताहेत' म्हणून सोडून देतात आणि त्यात एखादी खरी नोकरीही जाते. दोघेही काम किती मोठं आहे एवढंच बघतात. बघायचं असतं ते दुसरंच: तुम्ही केलेलं काम तुम्हाला न घेताही त्यांना उद्या वापरता येईल का? चार तासांची चाचणी प्रामाणिक असू शकते आणि एका तासाची चाचणी फुकटचं काम असू शकतं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच नमुना शेवटपर्यंत वापरू. मालवण-तारकर्ली भागातलं एक रिसॉर्ट, जागा सोशल मीडिया एक्झिक्युटिव्हची, पगार महिना 15,000 रुपये. सप्टेंबरमध्ये आलेला निरोप असा:

"दिवाळी सीझनसाठी 15 पोस्ट डिझाईन करून द्या. 4 रील एडिट करून द्या. कॅप्शन मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत. फोटो-व्हिडिओ ड्राइव्हवर आहेत. ओपन फाईलसह तीन दिवसांत पाठवा. काम आवडलं तर मुलाखतीला बोलावू."

## टप्पा 1: फोल्डर उघडण्याआधी निरोप दोनदा वाचा

पहिल्या वाचनात फक्त एक गोष्ट शोधा: हे काम त्यांच्या येत्या धंद्याचं आहे का? नमुन्यातल्या निरोपात ते चार ठिकाणी दिसतं. 'दिवाळी सीझन' म्हणजे अजून यायचा असलेला हंगाम. फोटो रिसॉर्टचे स्वतःचे. कॅप्शन तिन्ही भाषांत, म्हणजे सगळ्या प्रकारच्या पाहुण्यांसाठी तयार माल. आणि ओपन फाईल.

ओपन फाईलची मागणी सर्वांत बोलकी असते. तुमचा हात कसा आहे, रंग-अक्षरांची निवड कशी आहे, हे पाहायला जेपीजी किंवा पीडीएफ पुरते. लेयर सुटे असलेली फाईल लागते ती दर बदलायला, तारीख बदलायला, लोगो हलवायला. ते काम पोस्ट टाकणाऱ्याचं असतं, परीक्षकाचं नव्हे. क्वचित एखादी चांगली एजन्सी लेयर कसे लावलेत, नावं कशी दिलीत हे बघायला एक फाईल मागते. एक फाईल मागणं वेगळं आणि पंधराच्या पंधरा मागणं वेगळं.

दुसऱ्या वाचनात निरोपात काय नाही ते बघा. काम कोण तपासणार, कशावरून तपासणार, उत्तर कधी देणार, किती वेळ लागणं अपेक्षित आहे? खरी परीक्षा घेणाऱ्याला यातलं बरंचसं आधीच ठरवावं लागतं, नाहीतर दहा उमेदवारांची तुलना करणार कशी? नमुन्यात यातलं काहीच नाही. शिवाय मुलाखत काम आवडल्यानंतर आहे. प्रामाणिक चाचणी सहसा निदान एका फोनवरच्या बोलण्यानंतर येते, कारण दोन्ही बाजूंना पगार, जागा, रुजू होण्याची तारीख जुळते का हे कळलेलं असतं.

सावधान: हंगामाच्या तोंडावर आलेल्या चाचणीकडे जास्त बारकाईने बघा. सप्टेंबरमध्ये दिवाळीचं, नोव्हेंबरमध्ये नाताळ-थर्टीफर्स्टचं, फेब्रुवारीत हापूसच्या पेट्यांचं काम मागितलं जात असेल, तर त्या कामाची बाजारात किंमत आहे. तेवढ्यावरून कोणी लबाड ठरत नाही, कारण माणसं हंगामाआधीच घेतली जातात. पण पुढचे टप्पे गाळू नका.

## टप्पा 2: तास मोजा आणि रुपयांत मांडा

अंदाजाने 'दोन दिवसांचं काम' म्हणू नका. कागदावर मांडा. ठीकठाक हात असलेल्या माणसाला एक पोस्ट डिझाईन करायला फोटो निवडण्यासकट 45 मिनिटं धरा: 15 पोस्टचे सव्वाअकरा तास. एक रील कापून, आवाज लावून, अक्षरं टाकून तीन तास: चार रीलचे 12 तास. 15 पोस्टची तीन भाषांत 45 कॅप्शन, प्रत्येकी दहा मिनिटं: साडेसात तास. एकूण पावणे एकतीस तास.

आता पगाराशी ताडून बघा. 15,000 रुपये, महिन्याचे 26 दिवस, रोज आठ तास, म्हणजे 208 तास आणि तासाला साधारण 72 रुपये. पावणे एकतीस तासांचे याच दराने जवळजवळ 2,200 रुपये होतात. बाहेरच्या डिझायनरकडून हेच सुट्या कामाच्या दराने करून घेतलं तर यापेक्षा बरंच जास्त मोजावं लागेल. हा आकडा मालकाला ऐकवायचा नाही. तो तुमच्यासाठी आहे, म्हणजे पुढचं बोलताना आपण काय मागतोय याची मोघम नव्हे, नेमकी कल्पना असते.

कनिष्ठ जागेसाठी दोन ते चार तासांची बिनपगारी चाचणी आम्हाला रास्त वाटते. त्यापुढे गेली तर ती छोटी करून मागावी किंवा पैसे मागावेत. कामाचा दर्जा कळायला पंधरा पोस्ट लागत नाहीत. दोन पुरतात, तिसरीत परीक्षकाला नवीन काही दिसत नाही.

तपासा: चाचणी छोटी असली तरी पहिल्या टप्प्याचा प्रश्न सुटत नाही. 'फक्त आमच्या माहितीपत्रकाचं पान 6 आणि 7 भाषांतर करा' ही तासाभराची चाचणी असते. पण दुसऱ्या उमेदवाराला पान 8 आणि 9 दिलं असेल, तर दहा जणांकडून वीस पानांचं अख्खं पत्रक फुकटात तयार होतं. प्रामाणिक परीक्षेत सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका असते, कारण वेगवेगळ्या पानांवरून तुलना होऊच शकत नाही.

## टप्पा 3: काम सुरू करण्याआधी लेखी विचारा

बहुतेकांचा क्रम इथे चुकतो. आधी काम, मग प्रश्न. काम पाठवून झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची कोणाला गरजच उरत नाही. म्हणून निरोप आल्यावर त्याच दिवशी, काहीही न करता, एवढं पाठवा:

> नमस्कार सर, असाइनमेंट मिळाली, धन्यवाद. सुरू करण्याआधी चार गोष्टी कळल्या तर बरं होईल.
> 1. यासाठी साधारण किती तास अपेक्षित आहेत?
> 2. सगळ्या उमेदवारांना हेच काम दिलं आहे का?
> 3. काम कोण तपासणार आणि कशावरून, आणि निकाल कधीपर्यंत कळेल?
> 4. हे काम फक्त निवडीसाठी आहे, की रिसॉर्टच्या पेजवर वापरलंही जाणार आहे?

फोनवर बोलणं झालं तर फोन ठेवल्यावर 'आता ठरल्याप्रमाणे' अशी सुरुवात करून दोन ओळींचा मेसेज टाका. व्हॉट्सॲप चालतं, पण मेल बरा. मेसेज सगळ्यांसाठी डिलीट होऊ शकतो, तुमच्या खात्यात आलेला मेल पाठवणाऱ्याला मागाहून पुसता येत नाही.

उत्तर वाचताना चौथ्या प्रश्नाकडे लक्ष द्या. 'नाही, फक्त निवडीसाठी' हे एक उत्तर झालं आणि ते लेखी मिळालं, हे पुढे कामाला येतं. 'आवडलं तर वापरू' असं आलं तर समोरचा निदान खरं बोलतोय, आता पैशांचं बोलायचं. 'एवढे प्रश्न विचारणारे आम्हाला नकोत' असं आलं तर तुमचे पावणे एकतीस तास वाचले.

कोकणात यात आणखी एक गाठ असते. बहुतेक जागा ओळखीतून कळतात आणि मालक हा मामाचा मित्र किंवा वाडीतल्या कोणाचा तरी पाहुणा निघतो. मग ज्याने नाव सुचवलं तो म्हणतो, "अरे, दोन दिवस केलंस तर तुझा काय जातला?" या भिडेपोटी लोक विचारायचं टाळतात. अशा वेळी मध्यस्थाशी वाद घालू नका आणि त्याच्यामार्फत प्रश्नही पाठवू नका, कारण 'किती तास' हा साधा प्रश्न तिथे पोचेपर्यंत 'पोरगा कुरकुर करतोय' असा होतो. मध्यस्थाला एवढंच सांगा: "काका, काम करतोच आहे, फक्त मॅनेजरना थोडं विचारून घेतो." आणि मॅनेजरला थेट लिहा.

सावधान: चाचणीसाठी, 'किट'साठी किंवा नोंदणीसाठी पैसे मागितले तर ही चाचणीच नव्हे. पैसे भरू नका. भरले गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

## टप्पा 4: नकार देऊ नका, चाचणी बदलून मागा

उत्तर अर्धवट आलं किंवा काम फार मोठं असलं तर तुमच्याकडून एक तयार प्रस्ताव जाऊ द्या. 'हे जास्त आहे' एवढंच म्हटलं की चेंडू त्यांच्याकडे जातो आणि बहुधा तिथेच राहतो. प्रस्तावात दोन गोष्टी करायच्या: काम छोटं करायचं आणि ते लगेच वापरता येणार नाही असं करायचं, पण त्यांना जे तपासायचंय ते सगळं त्यात असलं पाहिजे.

किनाऱ्यावरच्या धंद्यात यासाठी एक सोपा मार्ग आहे: हंगाम उलटा करा. दिवाळीच्या पोस्ट मागितल्या तर जुलैच्या द्या. पावसाळ्यात स्कूबा, पॅरासेलिंग बंद असतं, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद असते, समुद्रात उतरू देत नाहीत. मग पाहुण्याने मालवणला का यावं, हे एका पोस्टमध्ये पटवायचं. हे दिवाळीपेक्षा अवघड आहे. दिवाळीत निळं पाणी दाखवलं की अर्धं काम होतं. जुलैत माणसाला लिहिता येतं की नाही ते लगेच उघडं पडतं. परीक्षकाला जास्त कळतं आणि सप्टेंबरमध्ये त्या पोस्टचा पेजला काही उपयोग नसतो. आंबेवाल्यांकडे हाच उपाय: येत्या मोसमाच्या पेटीऐवजी ऑगस्टमध्ये आमरसाचे डबे कसे विकाल ते दाखवा.

नमुन्यासाठी प्रस्ताव असा होईल:

> सर, तुम्हाला माझं डिझाईन, भाषा आणि रीलची समज बघायची आहे असं मी धरतो. त्यासाठी जुलै महिन्यातल्या पावसाळी मुक्कामावर 2 पोस्ट, त्यांची मराठी आणि इंग्रजी कॅप्शन, आणि एका 30 सेकंदांच्या रीलची शॉटवार स्क्रिप्ट परवापर्यंत देतो. रील एडिटिंगसाठी माझ्या आधीच्या कामाची लिंक सोबत आहे. दिवाळीचं काम पेजवर वापरायचं असेल तर पोस्टमागे आणि रीलमागे दर ठरवून तेही करीन.

मोजून बघा: दोन पोस्ट दीड तास, चार कॅप्शन 40 मिनिटं, स्क्रिप्ट पाऊण तास. तीन तासांच्या आत. परीक्षा पूर्ण होते आणि पैशांचं दारही उघडं राहतं. आमच्या मते चांगला मालक आणि फुकट्या यांतला फरक या निरोपाच्या उत्तरात सर्वांत स्पष्ट दिसतो. ज्याला माणूस हवाय तो 'चालेल' म्हणतो किंवा एखादी अट घालतो. ज्याला माल हवाय तो पुन्हा त्या पंधरा पोस्टवरच येतो.

पैसे द्यायला तयार झाले तर दर, संख्या, किती वेळा बदल करून द्यायचे आणि पैसे कधी, हे चार मुद्दे मेलवर घ्या. वापराचे हक्क पैसे मिळाल्यावर जातील, अशी एक ओळ घाला. फोटो काढायचं काम असेल तर ही ओळ अजिबात विसरू नका: मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, ज्याने ते काढायला सांगितले त्याच्याकडे जातो.

## टप्पा 5: काम करताना

ठरलेल्या तासांत थांबा. उमेदवार इथे स्वतःच स्वतःला फसवतो: तीन तासांची चाचणी नऊ तास घासतो आणि रुजू झाल्यावर त्याच वेगाची अपेक्षा अंगावर घेतो. वेळ संपली की अपुरं राहिलेलं एका ओळीत लिहा: 'आणखी वेळ असता तर दुसऱ्या पोस्टसाठी फोटो बदलला असता.' परीक्षकाला त्यातूनही बरंच कळतं.

त्यांच्या पेजचं लॉगिन घेऊ नका, 'थेट पोस्ट करून दाखवा' किंवा 'दोन दिवस पाहुण्यांच्या चौकशीला उत्तरं द्या' हे करू नका. तिथे चाचणी संपते आणि नोकरी सुरू होते, फक्त पगाराशिवाय. पाहुण्यांचे फोन नंबर असलेली यादी पाठवली गेली असेल तर ती वापरू नका, नकली नावं-नंबर घालून काम करा आणि तसं कळवा.

मूळ फाईल तुमच्या खात्यात ठेवा. गुगल डॉक्समध्ये काम केलं की कधी काय बदललं याची नोंद आपोआप राहते.

## टप्पा 6: पाठवताना

मेलवर, एकाच पीडीएफमध्ये पाठवा. डिझाईनचं चित्र इन्स्टाग्रामला लागणाऱ्या 1080 पिक्सेल रुंदीऐवजी 600 ठेवा. मोबाईलवर तपासायला ते पुरतं, पेजवर टाकलं की फुसकं दिसतं. प्रत्येक पानावर फिकट अक्षरांत तुमचं नाव, तारीख आणि 'निवड चाचणीसाठी' असं लिहा, पण मजकुरावरून आडवं फासू नका. वाचताच आलं नाही तर परीक्षक बाजूला टाकतो.

गुगल डॉक्सची लिंक द्यायची झाली तर Viewer म्हणून द्या आणि शेअरच्या सेटिंगमध्ये बघणाऱ्यांना डाउनलोड, प्रिंट, कॉपीचा पर्याय दिसू देण्याची खूण काढा. कॅनव्हाची लिंक फक्त बघण्यापुरती द्या. टेम्पलेट लिंक दिली की अख्खं डिझाईन त्यांच्या खात्यात उतरतं.

यातल्या कशानेही स्क्रीनशॉट थांबत नाही. उपयोग एवढाच की निष्काळजीपणे उचलणं अवघड होतं आणि जाणूनबुजून उचललं तर ते जाणूनबुजून होतं हे दिसतं.

मेलच्या शेवटी एक ओळ हवी: 'हे काम निवड चाचणीसाठी आहे. प्रसिद्ध करायचं झाल्यास आधी माझी लेखी परवानगी आणि दर ठरवावा, ही विनंती.'

तपासा: काम गुगल फॉर्ममधून द्यायचं असेल तर खालच्या खुणेच्या चौकटी वाचा. 'सादर केलेलं सर्व साहित्य कंपनीच्या मालकीचं राहील' अशी ओळ असेल तर खूण करण्याआधी ती काढायला सांगा किंवा काम मेलने पाठवू का, असं विचारा.

## टप्पा 7: पाठवल्यानंतर

सांगितलेल्या तारखेनंतर दोन दिवस थांबून एकदा विचारा, आठवड्याने पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा नको. मात्र त्यांचं पेज हंगाम संपेपर्यंत अधूनमधून बघत राहा.

तुमचं काम तिथे दिसलं तर आधी भांडू नका, आधी पुरावा घ्या: पोस्टची लिंक, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट, तुमची मूळ फाईल आणि पाठवलेला मेल. पोस्ट काढून टाकल्यावर यातलं निम्मं मिळत नाही.

तुमचा हक्क कुठपर्यंत जातो तेही नीट समजून घ्या. कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे कामाचा पहिला मालक सामान्यतः ते करणारा असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा मालक नोकरी देणारा होतो, पण उमेदवार नोकर नसतो. कलम 19 नुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीने द्यावे लागतात. नोंदणी केलेली नसली तरी हक्क असतो.

पण कल्पनेवर कॉपीराइट नसतो. 'पावसाळ्यात खानावळीच्या चुलीवरची रील करा' हे तुम्ही सुचवलं आणि त्यांनी स्वतः शूट केलं, तर कायद्याने फारसं काही करता येत नाही. म्हणूनच चाचणीत एक-दोन कल्पना पूर्ण करून दाखवा, दहा कल्पनांची यादी देऊ नका. चार शब्दांच्या घोषवाक्यावर दावा टिकणं कठीण असतं. आणि फोटो त्यांचेच असतील तर ते त्यांचेच राहतात, तुमची मांडणी आणि सलग लिहिलेला मजकूर तुमचा.

पुरावा हाती आला की मॅनेजरला साधा मेल करा: पोस्टची लिंक, तुम्ही काम पाठवल्याची तारीख, 'फक्त निवडीसाठी' असं त्यांनी लिहिलेलं उत्तर, आणि दोन पर्याय: ठरावीक रक्कम सात दिवसांत द्यावी किंवा पोस्ट काढावी. रक्कम दुसऱ्या टप्प्यात मांडलेल्या हिशेबातून येते, रागातून नव्हे. गावातल्या गावात बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण पेजवर चोरीची चर्चा कोणालाच नको असते. सात दिवसांत काही झालं नाही तर इन्स्टाग्राम-फेसबुकच्या कॉपीराइट तक्रारीच्या फॉर्ममध्ये मूळ कामाचा पुरावा आणि पोस्टची लिंक भरा. तक्रारीत तुमचा मजकूर आणि मांडणी एवढंच नोंदवा. त्यांच्या फोटोवरही दावा केलात तर ते उलट हरकत घेतात आणि खऱ्या भागाची तक्रारही त्यात अडकते.